दोघींच्या सहीचं कलम

सांगलीत कोर्टासमोरच्या गल्लीत झेरॉक्सची दोन दुकानं आहेत. त्यांच्या मधल्या जिन्यानं वर गेलं की शिवांजली जगदाळेचं ऑफिस लागतं. मूळची ती रहिमतपूरची. लग्न होऊन सांगलीला आली आणि मराठी-इंग्रजी भाषांतराच्या कामात पडली. खरेदीखतं, मृत्युपत्रं, जन्माचे दाखले, कोर्टाचे निकाल, काय काय तिच्या टेबलावरून जायचं. बारा वर्षांत तिला माणसांची एक गोष्ट पक्की कळली होती. कागदात काय लिहिलंय हे फार कुणी विचारत नाही. सगळे विचारतात ते एकच, "ताई, शिक्का मारणार न्हवं? मग दोन मारा की."

तो सोमवार होता, दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळी अकराच्या सुमाराला साईराज जिना चढून आला तो हातात एक जाडजूड फाईल घेऊनच. पंचविशीचा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. पुण्यात शिकून परत म्हसवडला आलेला. त्याच्या घरचा माणदेश नमदा उद्योग शिवांजलीला ऐकून ठाऊक होता. मेंढ्यांची जाडीभरडी लोकर, जिला बाजारात कुणी विचारत नव्हतं, ती धुऊन, दाबून तिचे नमदे करायचे. भिंतीला लावले की खोलीतला आवाज घुमत नाही, रोपवाटिकेत कुंड्यांखाली घातले की पाणी धरून ठेवतात. हॉलंडमधून मागणी यायला लागली होती. आता माल तिथल्याच गोदामात ठेवून तिथंच विकायचा, म्हणून रॉटरडॅममध्ये कंपनी काढायचं ठरलं होतं.

"बँकेचं, परदेशात पैसे गुंतवायचं, ते सगळं सीए बघतायत," साईराज म्हणाला. "माझं तुमच्याकडं एवढंसंच काम आहे. हे भाषांतर तयार आहे. ह्याच्यावर फक्त तुमचा शिक्का पाहिजे."

त्यानं फाईल उघडली. शिवांजली बघतच राहिली. पानापानावर नोटरीचे लाल गोल शिक्के. कोपऱ्यात हिरवी फीत. शेवटच्या पानामागं परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा, परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिलचा चौकोनी कागद चिकटवलेला. लग्नातली आहेराची ट्रंकसुद्धा इतकी सजत नाही.

"हे कुणी केलं?"

"ऑनलाइन एक एजन्सी सापडली. भाषांतर, नोटरी, अपॉस्टिल सगळं एकाच ठिकाणी. आठ दिवसांत घरपोच."

"मग माझा शिक्का कशाला? जागा तरी कुठं ठेवलीय त्यांनी?"

साईराज हसला. "तिथल्या नोटरीबाईंना ह्याचं स्कॅन पाठवलं होतं, त्यांचा मेल आलाय. सर्टिफाइड ट्रान्सलेशन पाहिजे म्हणतात. म्हटलं, ह्याच्यात काहीतरी राहिलं असंल. अजून एखादा शिक्का."

"मेल दाखवा बघू."

तिची ही सवयच होती. लोक काय मागितलंय ते आपल्या शब्दांत सांगतात, आणि सांगताना त्यात भीती मिसळतात. मूळ मागणी बहुतेक वेळा साधी असते.

मेल साधाच होता. हॉलंडमध्ये कंपनी स्थापन होते ती तिथल्या नोटरीसमोर, आणि तिथला नोटरी म्हणजे वकिलाइतकाच शिकलेला, जबाबदार माणूस. ह्या नोटरीबाईंचं नाव होतं योहाना. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली, संस्थापक स्वतः येणार नसतील तर मुखत्यारपत्र. फर्मच्या वतीनं सही करायचा ज्यांना अधिकार आहे त्यांनी नोटरीसमोर सही केलेलं, वर अपॉस्टिल, मूळ प्रत. दुसरी, भागीदारीपत्र आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. भाषांतर करणाऱ्यानं ते पूर्ण आणि अचूक असल्याचं सही करून लिहून द्यावं, सोबत आपलं नाव, पत्ता, फोन. तिसरी, फर्मच्या नोंदणीचा उतारा, आणि तो मराठीत असेल तर त्याचंही तसंच भाषांतर.

शिवांजलीनं दुसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "बघा. भाषांतरावर ह्यांना नोटरी नकोच आहे. अपॉस्टिल तर नाहीच. भाषांतर करणारा कोण, एवढंच त्यांना माहीत व्हायला पाहिजे. आणि तुमच्या ह्या इतक्या शिक्क्यांत तेवढंच नाही."

साईराजनं पानं मागंपुढं केली. खरंच, भाषांतर करणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

"पण नोटरीचा शिक्का म्हणजे वरचढ न्हवं का?" तो म्हणाला. "मोठा शिक्का असला म्हणजे छोट्याची गरज काय?"

"इथं काय लिहिलंय वाचा."

त्यानं वाचलं. "ट्रू कॉपी."

"म्हणजे एका कागदाची ही दुसरी प्रत आहे, एवढं. नोटरीला कायद्यानं भाषांतर पडताळायचाही अधिकार आहे, नाही असं नाही. पण मग त्यानं तसं लिहायला पाहिजे, आणि त्याला दोन्ही भाषा यायला पाहिजेत. हे नोटरी कुठले? दुसऱ्या राज्यातले. ह्यांनी मराठी कागद डोळ्यांनी तरी बघितला असेल का, कोण जाणे. आणि हा अपॉस्टिल सांगतो की नोटरीची सही खरी आहे. आतला मजकूर खरा आहे असं तो सांगत नाही."

साईराजनं फाईल मिटली. मग जरा अजिजीनं म्हणाला, "मग तुमी फक्त तेवढं लिहून द्या ना ताई. भाषांतर बरोबर आहे म्हणून. तारीख ठरलीय, अठरा दिवसांवर."

"देते की. मूळ भागीदारीपत्र ठेवून जा. वाचल्याशिवाय कसं देऊ?"

तो चहा प्यायला खाली गेला आणि शिवांजली मराठी कागद डावीकडं, इंग्रजी उजवीकडं ठेवून वाचत बसली. भागीदार दोनच होत्या. रंगुबाई आणि बनुबाई, सख्ख्या जावा. बनुबाई म्हणजे साईराजची आई, रंगुबाई त्याची थोरली चुलती. इंग्रजी बरं होतं, निदान पहिली दहा कलमं. अकराव्या कलमाशी तिचं बोट थांबलं.

मराठीत होतं, 'फर्मच्या वतीने बाहेरच्या कुणाशीही करार, कर्ज अथवा मुखत्यारपत्र करताना दोघी भागीदारांनी मिळून सही केल्याशिवाय फर्म बांधील राहणार नाही.' इंग्रजीत त्याचं झालं होतं, दोघींपैकी कोणीही एकीनं सही केली तरी चालेल.

तिनं ते तीनदा वाचलं. एकच शब्द इकडचा तिकडं गेला होता आणि कलम उलटं झालं होतं. मग तिनं फाईलच्या तळाचं मुखत्यारपत्र काढलं. म्हसवडजवळच्या नोटरीसमोर केलेलं, त्यावरही अपॉस्टिल. खाली सही एकच, वळणदार अक्षरात, 'बनुबाई'.

साईराज वर आला तेव्हा तिनं दोन्ही कागद त्याच्यापुढं सरकवले. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"मी एजन्सीचं इंग्रजी वाचून आईला सांगितलं, तुझी एकटीची सही पुरे," तो हळूच म्हणाला. "मराठी कागद मी उघडलाच न्हाई. घरातलाच कागद म्हणून."

"रंगुबाई कुठं आहेत?"

"थोरली आई? मेंढरं घेऊन कोकणात निघालीय. आत्ता कोयनानगरच्या आसपास असंल. एकदा कुंभार्ली घाट उतरली की फोनसुद्धा लागत न्हाई." त्यानं कपाळ चोळलं आणि मग शिवांजलीच्या मनात आलं होतं तेच तो बोलला. "ताई, तिथं कुणाला मराठी येतंय? शिक्के हायेत, अपॉस्टिल हाय. कंपनी आपलीच. थोरली आई काय कोर्टात जाणार हाय का माझ्यावर?"

शिवांजलीला राग आला नाही. पोरगा लबाड नव्हता, घाबरला होता. ती म्हणाली, "साईराज, तिथं मराठी येत नाही म्हणूनच त्यांनी माझं नाव मागितलंय. उद्या त्या मुखत्यारपत्रावर कंपनी निघाली आणि वर्षानं कुणी बँकवाल्यानं मूळ कागद वाचून घेतला, तर कंपनीच्या पायातलाच दगड सुटणार. तुमच्या थोरल्या आईचं मी सांगत नाही, पण अकरावं कलम त्यांनी काहीतरी मनात धरूनच घातलं असेल ना?"

"तिनंच घातलंय," साईराज म्हणाला, आणि त्याला एकाएकी हसू फुटलं. "अवं, भांडून घातलंय."

मग दोघांनी बसून योहानाबाईंना मेल लिहिला. शिवांजलीनं काही लपवलं नाही. आधी पाठवलेल्या भाषांतरात अकराव्या कलमात चूक आहे, नवं भाषांतर माझ्या सहीनं पाठवते, आणि मुखत्यारपत्र दोघींच्या सहीनं नव्यानं करावं लागेल. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. बाईंनी आभार मानले होते. सही करणाऱ्यांचा अधिकार तपासायलाच आपण भागीदारीपत्र मागितलं होतं, हे बरं झालं वेळेत कळलं, असं लिहिलं होतं. मुखत्यारपत्राचा मसुदा त्यांनी दोघींच्या नावांनी पुन्हा पाठवला. तारीख हलवली नाही. मात्र मूळ प्रत हाती आल्याशिवाय स्थापनेचा दस्त होणार नाही, हे खाली ठळक लिहिलं.

अठरा दिवस. नोटरी, मग त्या नोटरीच्या सहीची राज्य शासनाकडून खातरजमा, मग मुंबईहून अपॉस्टिल, मग कुरियर. हिशेब बसत होता, पण रंगुबाई ह्याच आठवड्यात सापडल्या तरच.

शिवांजली शेजारच्या इमारतीत उदयसिंह मोहित्यांकडं गेली. मोहितेसाहेब साठीचे, तीस वर्षं वकिली, पंधरा वर्षं नोटरी. वडील पलटणीत सुभेदार होते, त्यामुळं घरात सगळं वेळेवर आणि मोठ्या आवाजात. तिनं हकीकत सांगितली आणि विचारलं, "साहेब, तुम्ही आमच्याबरोबर कोयनेला याल का? तिथंच सही घेऊन टाकू."

"येईन, मासे खाऊन येईन," साहेब म्हणाले. "पण शिक्का घेऊन येणार न्हाई. माझं क्षेत्र सांगली जिल्हा. कोयना साताऱ्यात. हद्दीबाहेर मी शिक्का मारला तर तुमचा अपॉस्टिल मुंबईतनंच परत येईल. त्यांना इकडं आणा. दोघींनी माझ्यासमोर बसून सही करायची, माझ्या रजिस्टरमध्येपण करायची."

"आणि भाषांतरावर तुमचा शिक्का नकोय बरं का."

साहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणालीस?"

"नकोय. तिकडच्यांनी माझी सही मागितलीय, तुमची नाही."

"पंधरा वर्षांत," साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, "शिक्का नको म्हणून सांगायला आलेलं तू पयलं माणूस गं!"

बुधवारी सकाळी साईराज आणि शिवांजली त्याच्या गाडीतनं निघाली. कराड, पाटण सोडून गाडी वळणावळणानं वर चढायला लागली. कोयनानगरच्या अलीकडं कापणी झालेल्या भाताच्या खाचरांत मेंढरं पांगलेली दिसली. जाळीच्या कुंपणात कोकरं, दोन घोडी, तीन दगडांची चूल, आणि चुलीशी उकिडवी बसलेली एक उंच, काळीसावळी बाई. साईराजला बघून ती उठली.

"काय रं, कोण मेलं का?"

"कोण मेलं न्हाई, थोरली आई. सही पायजे तुजी."

रंगुबाईंनी दोघांना चहा दिला, मेंढीच्या दुधाचा, घट्ट. सगळं ऐकून घेतलं. साईराजनं मान खाली घालून आपली चूक सांगितली, तेव्हा त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाल्या, "म्हंजी माझी लोकर मला न इचारता सायबाच्या देशात निघाली व्हती, व्हय?"

"व्हय," साईराज म्हणाला.

"आन ही बाय कोण?"

"शिवांजलीताई. ह्यांनीच धरलं."

रंगुबाईंनी शिवांजलीकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "वाचून धरलंस व्हय गं? बरं केलंस." मग परत पुतण्याकडं वळल्या. "मी येतो. पर मेंढरं कोण बघणार? तुजा चुलता पुढं गेलाय, चिपळूणकडं रानं ठरवाय. हितं आकाराम एकटा. तीनशे मेंढरं एकट्याला आवरत्यात का?"

आकाराम म्हणजे ह्या तळावरचा दुसरा मेंढका. तो लांबूनच हसत होता. साईराजनं आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघितलं, मग मेंढरांकडं, मग शिवांजलीकडं.

"गाडी तुमाला येती न्हवं, ताई?" तो म्हणाला.

रंगुबाईंनी आपली काठी त्याच्या हातात दिली आणि घोंगडी खांद्यावर टाकली. "काळ्या कानाची मेंढी लय फितवती. तिच्यावर नजर ठेव. आन कुत्र्याला शिळी भाकरी दे, बिस्किटं दिऊ नगो."

परतीच्या वाटेवर घाटाची वळणं संपेपर्यंत रंगुबाई डोळे मिटून बसल्या होत्या. पाटणच्या पुढं रस्ता सरळ झाला तशा बोलायला लागल्या. पाच-सहा वर्षांमागं एका व्यापाऱ्यानं बनुबाईला गोड बोलून सगळी लोकर एका सहीवर उचलून नेली होती, दर ठरवायच्या आधीच. बनुबाई आठ दिवस जेवली नव्हती.

"तवा मी म्हनलं, बने, चूक तुजी न्हाई. एकटीला गाठलं की कुनीबी फसतं. मला गाठलं असतं तर मीबी फसलो असतो. म्हून लिवून घेतलं, दोघी मिळून. ती म्हनली, आक्का, तुमचा माज्यावर इस्वास न्हाई. चार दिस बोलली न्हाई माझ्यासंगं." रंगुबाई खिडकीतनं उसाच्या ट्रॉल्या बघत म्हणाल्या, "इस्वास हाय म्हूनच लिवलं की. न्हायतर भागीदारी कशाला केली आसती?"

शिवांजलीनं गिअर बदलला. कलम अकराचं इंग्रजी तिनं आदल्या दिवशी केलं होतं. 'दोघी मिळून' ह्याला तिनं कायद्याचा नेमका शब्द घातला होता, तो बरोबरच होता. पण त्या दोन शब्दांमागं एवढं काही असतं, हे कोणत्या शब्दकोशात सापडणार?

रंगुबाई त्या रात्री शिवांजलीच्याच घरी राहिल्या. गुरुवारी सकाळी बनुबाई म्हसवडहून एसटीनं आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलघेवड्या. पिशवीत दोघींचे पासपोर्ट. युरोपातल्या एका व्यापारी मेळ्याला जायचं म्हणून गेल्या वर्षी काढलेले, आणि ऐनवेळी मेंढरं आजारी पडली म्हणून कोरेच राहिलेले. मोहितेसाहेबांच्या ऑफिसच्या दारात दोघी जावा समोरासमोर आल्या.

"आक्का," बनुबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मला वाटलं कागदातच तसं हाय. साईराज म्हनला..."

"म्हाईत हाय. तो बसलाय मेंढरांत," रंगुबाई म्हणाल्या. "काळ्या कानाचीच्या मागं पळत आसंल."

दोघी एवढ्या जोरात हसल्या की झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघायला लागला.

आत मोहितेसाहेबांनी पासपोर्ट बघितले, रजिस्टर उघडलं. बनुबाईंना सही यायची. रंगुबाई अंगठा देणार होत्या. मुखत्यारपत्र इंग्रजीत होतं, म्हणून साहेब म्हणाले, "शिवांजली, तू सगळं मराठीत वाचून सांग. एक ओळ गाळायची न्हाई. मग खाली तसं लिहून सही कर. ह्यांना कळलंय ह्याची खात्री झाल्याशिवाय मी शाईला हात लावणार न्हाई."

शिवांजली वाचायला लागली. कंपनीचं नाव, पत्ता, भागधारक म्हणून फर्मच्या वतीनं दोघींची नावं. बनुबाई मान डोलवत होत्या. मधेच रंगुबाईंनी हात वर केला.

"थांब. काय म्हनलीस आत्ता?"

"योहानाबाईंच्या ऑफिसातल्या माणसांना ह्या कामात आवश्यक वाटेल ते सगळं करायचा अधिकार आम्ही देतो."

"सगळं म्हंजी काय काय?"

शिवांजलीनं इंग्रजी पुन्हा बघितलं. तिथं खरंच 'सगळं' एवढंच होतं. असं कलम छापील मसुद्यांत नेहमी असतं, तिनं शंभरदा वाचलं होतं, कधी थांबली नव्हती.

"बहुतेक कंपनी काढायला लागतं तेवढंच," ती म्हणाली.

"बहुतेक?" रंगुबाई म्हणाल्या. "मग तेवढंच लिवा की. कंपनी काडायची, तिचं नाव तितल्या सरकारात लावायचं, झालं. ती बाय चांगलीच आसंल. पर मी तिला बगितलं न्हाई, तिनं मला बगितलं न्हाई. आन कवापातूर हा आधिकार? माझं मेंढरू कुनाच्या रानात खतासाठी बसवलं तरी मी दिस ठरवून बसवतो."

मोहितेसाहेबांनी शिवांजलीकडं बघितलं. त्यांच्या मिशीत हसू मावत नव्हतं. "वकील कोण हाय इथं, मी का त्या?"

पण मसुदा योहानाबाईंचा. त्यांना न विचारता शब्द बदलला तर तिकडं कागद अडायचा. शिवांजलीनं तिथंच बसून मेल केला. अधिकार फक्त कंपनीची स्थापना आणि तिथल्या व्यापारी नोंदवहीतली नोंद एवढ्यापुरता ठेवावा, आणि मुदत तीन महिने असावी, चालेल का? घड्याळात बारा वाजले होते. हॉलंडमध्ये साडेसात. ऑफिस उघडायला वेळ होता.

तेवढ्यात साहेबांनी भडंग मागवलं. बनुबाईंनी पिशवीतनं शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या भाकरी काढल्या. नोटरीच्या टेबलावरचे कागद बाजूला सरकले आणि जेवणं सुरू झाली. रंगुबाईंनी कोयनेला फोन लावला. आकारामनं उचलला. "तुमचा पुतण्या खाचरात पडला, पर मेंढी धरली," तो ओरडून सांगत होता, आणि मागनं साईराजचा आवाज येत होता, "पडलो न्हाई, घसरलो!"

पावणेदोनला उत्तर आलं. 'दोन्ही बदल मान्य. सुधारलेला मसुदा सोबत जोडला आहे. तुमच्या पक्षकारांनी नीट वाचलं आहे, हे पाहून आनंद झाला.'

शिवांजलीनं शेवटचं वाक्य मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं.

"वाचलं कुटं," रंगुबाई म्हणाल्या. "ऐकलं."

नवा मसुदा स्टॅम्पपेपरला जोडला. शिवांजलीनं तो पहिल्यापासून पुन्हा वाचला, आता एकही 'बहुतेक' न वापरता. बनुबाईंनी सही केली. रंगुबाईंनी अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि थोडा वेळ तसाच दाबून ठेवला. शिवांजलीनं खाली लिहिलं, की हा मजकूर मी मराठीत वाचून समजावला आहे आणि त्यांनी तो समजून घेतला आहे. मग साहेबांचा शिक्का पडला. ह्या कागदाला तो हवाच होता, आणि पडला तोही एकदाच, जिथं पडायचा तिथं.

भागीदारीपत्राच्या नव्या भाषांतरामागं शिवांजलीनं आपलं निवेदन लावलं. नोंदणीच्या उताऱ्याचंही तसंच केलं. त्यावर लाल काही नव्हतं, फीत नव्हती. खाली नाव, पत्ता, फोन नंबर आणि सही. सही करताना तिचा हात जरा सावकाश चालला. इतक्या वर्षांत ती सही करून कागद नोटरीकडं ढकलायची आणि मोकळी व्हायची. आज मागं दुसरा कुणी उभा नव्हता. चुकलं तर फोन तिलाच येणार होता. तिला त्याचं ओझं वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

मुखत्यारपत्र मुंबईला गेलं, राज्याची खातरजमा, परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल होऊन नवव्या दिवशी परत आलं, आणि कुरियरनं रॉटरडॅमला तारखेच्या दोन दिवस आधी पोचलं. साईराज तोवर माघारी आला होता. ऊन लागून नाक सोललेलं, पण चालण्यात काहीतरी फरक पडलेला. त्यानं फर्मचे सगळे मराठी कागद शिवांजलीच्या ऑफिसात बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढले. अडलं तिथं विचारलं, आणि बरंच अडलं.

ठरल्या दिवशी दुपारी कंपनीचा नोंदणी क्रमांक आला. साईराजनं शिवांजलीच्याच ऑफिसातून थोरल्या आईला फोन लावला. घाटाखाली रेंज येत जात होती. चौथ्या वेळी लागला.

"झाली कंपनी, थोरली आई!"

"झाली व्हय? बरं झालं." मागं मेंढरांचा कालवा. "कागद आला का तितला?"

"आला की. मेलवर."

"कुटल्या भाषेत हाय?"

साईराजनं मोबाईलवरचा कागद शिवांजलीला दाखवला. तिनं वरच्या दोन ओळी बघितल्या आणि मान हलवली.

"डचमध्ये," साईराज म्हणाला.

पलीकडं एका मेंढीला हाकलल्याचा आवाज आला.

"मग तो आमाला मराठीत वाचून दावणारं माणूस हुडका," रंगुबाई म्हणाल्या. "मी आन बनी दोघी मिळून ऐकू. तवर कुनी सही करू नगा."

शिवांजलीनं वही पुढं ओढली, नवं पान काढलं आणि डच येणारं माणूस कुठं मिळेल ह्याची चौकशी त्याच दुपारी सुरू केली.